कीर्द तुमची, खतावणी एक्सेलची

महिना संपला की दुकानाचे मालक हिशेबनिसाला विचारतात ते प्रश्न सहसा ठरलेले असतात. पंखे किती गेले? गेल्या महिन्यापेक्षा जास्त की कमी? उधारी किती झाली आणि कोणाकडे? नफा नक्की कशात सुटतो? उत्तरं बिलांमध्ये असतातच, पण ती काढायची म्हणजे एक्सेलमध्ये फिल्टर लावा, दिसेल ती बेरीज कागदावर उतरवा, फिल्टर बदला, पुन्हा उतरवा. तेवढ्यात मालक म्हणतात, ‘हेच जरा महिन्यावारी करून द्या,’ आणि सगळं काम पहिल्यापासून सुरू होतं.

कीर्द-खतावणीची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना पिव्हट टेबल समजायला पाच मिनिटं पुरतात. कीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमानं उतरतात, आणि मग त्यातली एकेक रक्कम ज्या त्या खात्याच्या पानावर नेऊन मांडली की ती खतावणी. पिव्हट टेबल हेच दुसरं काम करतं. विक्रीची यादी ही कीर्द. तिच्यातून वर्गवार, महिन्यावार, गिऱ्हाईकवार अशी हवी ती खतावणी ते क्षणात मांडतं, आणि मूळ यादीला हात लावत नाही. वहीत खाती आधी ठरवून पानं पाडावी लागत. इथे खातं कोणतं ठेवायचं हे नंतर, कितीही वेळा बदलता येतं.

कल्पना तशी जुनी आहे. १९९१ साली लोटस कंपनीचं इम्प्रूव्ह नावाचं सॉफ्टवेअर आलं. पिटो सालास यांच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये आकड्यांचे रकाने उचलून आडवे-उभे फिरवता येत. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हीच सोय आणली. आज ती एक्सेलमध्ये आहे, गूगल शीट्समध्ये आहे आणि फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही आहे. खालची उदाहरणं एक्सेलची आहेत.

सरावाची यादी

समजा, तालुक्याच्या गावातलं एक इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. पंखे, वायरची बंडलं आणि एलईडी दिवे एवढाच माल धरू. गिऱ्हाईक दोन प्रकारचं: घरासाठी घेणारे किरकोळ, आणि कामाच्या जागेवर माल नेणारे वायरमन. वायरमनला भाव थोडा उतरून मिळतो आणि माल बहुतेक वेळा उधारीवर जातो. रकमा जीएसटी वगळून आहेत. दुकान आणि आकडे सरावासाठी रचलेले आहेत, पण बेरजा मी तपासल्या आहेत, त्यामुळे तुमच्या पडद्यावरचं उत्तर ताडून पाहता येईल.

```
तारीख,बिल,गिऱ्हाईक,वर्ग,नग,विक्री,खरेदी,भरणा
2025-03-05,101,किरकोळ,पंखे,2,3600,3000,रोख
2025-03-05,101,किरकोळ,दिवे,5,500,350,रोख
2025-03-12,102,वायरमन,वायर,4,6000,5400,उधार
2025-03-21,103,वायरमन,दिवे,20,1800,1400,उधार
2025-03-28,104,किरकोळ,पंखे,1,1800,1500,यूपीआय
2025-04-04,105,वायरमन,पंखे,6,10200,9000,उधार
2025-04-04,105,वायरमन,वायर,3,4500,4050,उधार
2025-04-11,106,किरकोळ,पंखे,3,5400,4500,यूपीआय
2025-04-19,107,किरकोळ,दिवे,8,800,560,रोख
2025-04-26,108,वायरमन,वायर,2,3000,2700,रोख
2025-05-03,109,किरकोळ,पंखे,2,3600,3000,यूपीआय
2025-05-09,110,वायरमन,पंखे,4,6800,6000,उधार
2025-05-17,111,किरकोळ,दिवे,6,600,420,रोख
2025-05-17,111,किरकोळ,वायर,1,1600,1350,रोख
2025-05-24,112,वायरमन,वायर,5,7500,6750,उधार
2025-05-30,113,वायरमन,दिवे,30,2700,2100,यूपीआय
```

तारीख A रकान्यात, बिल B मध्ये, असं करत भरणा H मध्ये येईल. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आणि खाली सोळा ओळी. आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा.

या यादीची ठेवण मुद्दाम तशी आहे. एका ओळीत एका बिलातला एकच माल. बिल १०१ मध्ये पंखेही आहेत आणि दिवेही, म्हणून त्याच्या दोन ओळी आहेत आणि तारीख, बिल नंबर, गिऱ्हाईक दोन्हीकडे पुन्हा लिहिलं आहे. हिशेबाच्या माणसाला ही पुनरुक्ती खटकते. सवयीनं आपण दुसऱ्या ओळीत ते सेल मोकळे सोडतो, किंवा दोन सेल जोडून एकच करतो, म्हणजे छापल्यावर देखणं दिसतं. पिव्हटला मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचायची असते. गिऱ्हाईकाचा सेल मोकळा सोडला, तर त्या ओळीची विक्री किरकोळमध्ये धरली जात नाही, ‘(blank)’ नावाच्या वेगळ्याच खात्यात जाते. त्याच कारणानं महिन्याअखेरची बेरीज या यादीच्या मध्ये घालायची नाही. पिव्हट तीही विक्रीची एक ओळ समजेल आणि रक्कम दुप्पट होईल. मार्चची एक शीट, एप्रिलची दुसरी असंही नको. सगळं एकाखाली एक, एकाच यादीत.

यादीतल्या कुठल्याही सेलवर उभे राहून `Ctrl+T` दाबा आणि यादीला नावं आहेत या खुणेसह `OK` करा. यामुळे यादी ‘टेबल’ होते आणि पुढे खाली ओळी वाढल्या की पिव्हटची हद्दही आपोआप वाढते. हे केलं नाही तर जूनमध्ये घातलेली बिलं पिव्हटमध्ये येतच नाहीत, आणि बेरीज दिसायला व्यवस्थित असल्यामुळे ते लवकर ध्यानातही येत नाही.

पहिलं काम: वर्गवार विक्री

टेबलमध्ये उभे राहून `Insert` मधलं `PivotTable` निवडा, `New Worksheet` वर खूण ठेवा आणि `OK` करा. नवी शीट उघडेल. उजवीकडे रकान्यांची नावं असतील आणि त्याखाली चार खण: `Filters`, `Columns`, `Rows`, `Values`. खातं म्हणून जे उभं मांडायचं ते `Rows` मध्ये, जे आडवं मांडायचं ते `Columns` मध्ये, आणि ज्या रकमेची बेरीज हवी ती `Values` मध्ये. एवढंच लक्षात ठेवायचं.

आता ‘वर्ग’ हे नाव ओढून `Rows` मध्ये टाका आणि ‘विक्री’ `Values` मध्ये. दिवे ६४००, पंखे ३१४००, वायर २२६०० आणि खाली एकूण ६०४०० असं दिसायला हवं.

‘नग’सुद्धा `Values` मध्ये टाकून पाहा. दिवे ६९, पंखे १८, वायर १५ हे आकडे कामाचे आहेत. त्याखाली येणारं एकूण १०२ मात्र निरर्थक आहे, कारण त्यात पंखा, दिवा आणि वायरचं बंडल एकत्र मोजलं आहे. पिव्हट सांगाल त्याची बेरीज करतं. ती करण्यात अर्थ आहे की नाही, हे त्याला कळत नाही. नग पुन्हा बाहेर ओढून टाका.

इथेच एक बिघाड मुद्दाम घडवून पाहा, कारण दुकानाच्या खऱ्या यादीत तो हमखास भेटतो. बिल १०४ च्या विक्रीत 1800 ऐवजी `1800/-` असं लिहा, जसं आपण पावतीवर लिहितो. मग पिव्हट नव्यानं बनवा. यावेळी विक्रीचा रकाना रकमा न दाखवता दिवे ५, पंखे ६, वायर ५ असे आकडे दाखवेल आणि वर `Count of विक्री` असं लिहिलेलं असेल. एक्सेलच्या लेखी `1800/-` हा आकडा नाही, मजकूर आहे. रकान्यात मजकूर सापडला की ते बेरीज सोडून ओळी मोजायला लागतं.

बरेच जण अशा वेळी त्या आकड्यावर उजवं क्लिक करून `Summarize Values By` मधून `Sum` निवडतात आणि पुढे जातात. पडद्यावर बेरीज येते, पण ती चुकलेली असते: पंखे २९६००, एकूण ५८६००. मजकूर झालेले अठराशे रुपये शून्य धरले गेले. तुम्ही मूळ यादीखाली `SUM` लावून ताळा केलात तर तोही ५८६०० च येईल, कारण `SUM` देखील मजकूर वगळतं. दोन्ही बेरजा जुळल्या आणि दोन्ही चुकल्या. म्हणून ताळा बेरजेचा नव्हे, ओळींचा करायचा. यादीबाहेरच्या एखाद्या सेलमध्ये हे सूत्र लिहा:

```
=COUNTA(F2:F17)-COUNT(F2:F17)
```

पहिला भाग भरलेले सगळे सेल मोजतो, दुसरा फक्त आकडे असलेले. उत्तर शून्य आलं पाहिजे. १ आलं तर एका सेलमध्ये आकड्याच्या वेशात मजकूर बसला आहे. त्यानंतर दुसरा ताळा बिलिंग सॉफ्टवेअरच्या किंवा विक्री खात्याच्या बेरजेशी करायचा, म्हणजे बाहेरच्या आकड्याशी. सरावासाठी बिल १०४ पुन्हा 1800 करा आणि पिव्हटवर उजवं क्लिक करून `Refresh` द्या. `Refresh` दिल्याशिवाय एक्सेलचं पिव्हट जुनेच आकडे दाखवत राहू शकतं. मधल्या वेळात कोणी त्याचं प्रिंट काढून मालकांच्या टेबलावर ठेवलं, तर त्यावर जुनीच विक्री असते.

महिना आणि आर्थिक वर्ष

‘तारीख’ हे नाव `Columns` मध्ये टाका. २०१६ आणि त्यानंतरचं एक्सेल तारखा आपोआप महिन्यांत गोळा करतं. तसं झालं नाही तर कुठल्याही तारखेवर उजवं क्लिक करून `Group` निवडा आणि `Months` व `Years` दोन्हींवर खूण करा. नुसत्या `Months` वर खूण केली तर यादी पुढच्या वर्षात गेल्यावर दोन्ही वर्षांचे मार्च एकाच रकान्यात मिसळतात. आपल्या यादीत मार्च १३७००, एप्रिल २३९०० आणि मे २२८०० येईल.

`Group` म्हटल्यावर एक्सेल नकार देत असेल, तर काही तारखा मजकूर आहेत. आपल्याकडे हे एका विशिष्ट कारणानं होतं. बिलिंग सॉफ्टवेअर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी काढून देतं आणि कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल ती महिना-दिवस-वर्ष अशी वाचतं. 05-03-2025 ही ५ मार्च तीन मे होते. 12-03-2025 तीन डिसेंबर होते. 21-03-2025 ला मात्र एकविसावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्यात काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात. डावीकडच्या तारखा उघड चुकलेल्या असतात, पण धोका उजवीकडच्यांत आहे, कारण त्या मुकाट्यानं दुसऱ्या महिन्यात गेलेल्या असतात. एकेक दुरुस्त करत बसू नका. विंडोजच्या `Region` मध्ये `English (India)` ठेवा आणि फाइल नव्यानं घ्या. वरच्या यादीत वर्ष आधी लिहिलं आहे ते याचसाठी, तशी तारीख कुठल्याही सेटिंगमध्ये उलटत नाही.

आता वर्ष. एक्सेलचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं एप्रिलमध्ये. तिमाहीच्या सीमा दोन्हीकडे एकाच ठिकाणी पडतात, फक्त नंबर वेगळा: एक्सेलची `Qtr1` म्हणजे आपली चौथी तिमाही. `Years` चं मात्र जमत नाही. जानेवारी ते मार्च २०२६ हे महिने आपल्याकडे २०२५-२६ मध्ये मोडतात, एक्सेल त्यांना २०२६ मध्ये टाकतं. यावर उपाय मूळ यादीतच करायचा. I1 मध्ये ‘आर्थिक वर्ष’ असं नाव द्या आणि I2 मध्ये हे सूत्र:

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)
```

महिना चारच्या आत असेल तर वर्षातून एक वजा होतो. मार्चच्या ओळींपुढे 2024 येईल, म्हणजे २०२४-२५, आणि एप्रिल-मेच्या ओळींपुढे 2025. तिथे १९०५ सालची कुठलीतरी तारीख दिसली तर घाबरायचं कारण नाही, रकान्याचा फॉरमॅट `General` करा. `Refresh` दिल्यावर हे नवं नाव पिव्हटच्या यादीत दिसेल. तारीख बाहेर काढून त्याजागी आर्थिक वर्ष टाकलंत की २०२४-२५ ची विक्री १३७०० आणि २०२५-२६ ची ४६७०० मिळेल.

उधारी कोणाकडे

आता खरा मालकांचा प्रश्न. आधीचं सगळं बाहेर ओढून टाका. `Rows` मध्ये गिऱ्हाईक, `Columns` मध्ये भरणा, `Values` मध्ये विक्री. किरकोळ गिऱ्हाइकाकडून रोख ७१०० आणि यूपीआयनं १०८०० आले, उधार काही नाही. वायरमनकडून रोख ३०००, यूपीआय २७०० आणि उधार ३६८००. वायरमनला एकूण ४२५०० चा माल गेला. कोणत्याही रकमेवर उजवं क्लिक करून `Show Values As` मधलं `% of Row Total` निवडलंत तर दिसेल की वायरमनला गेलेल्या शंभर रुपयांच्या मालापैकी जवळजवळ ८७ रुपयांचा उधारीवर गेला आहे. पुन्हा रुपयांत यायचं तर तिथेच `No Calculation`.

मालक विचारणार, ‘हे छत्तीस हजार आठशे कुठले?’ त्या आकड्यावर डबल क्लिक करा. एक नवी शीट उघडेल आणि त्यात उधारीच्या नेमक्या सहा ओळी असतील, बिल १०२, १०३, १०५ च्या दोन, ११० आणि ११२. पिव्हटमधलं मला सगळ्यात आवडणारं काम हेच. कुठलाही आकडा कुठून आला याचा पुरावा दोन क्लिकवर मिळतो. ही नवी शीट केवळ नक्कल आहे, तिच्यात काही दुरुस्त केलं तर मूळ यादीत पोचत नाही.

या सोयीची एक दुसरी बाजूही आहे. पिव्हट आपल्याजवळ मूळ यादीची आख्खी प्रत बाळगतं. यादीची शीट काढून टाकून नुसतं पिव्हट असलेली फाइल तुम्ही एखाद्या वायरमनला पाठवली, तरी तो एकूण रकमेवर डबल क्लिक करून सगळ्या ओळी काढू शकतो. त्यात तुमचा खरेदीचा भावही आला. बाहेर द्यायचं असेल तर पिव्हट कॉपी करून नव्या फाइलमध्ये `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवा, किंवा पीडीएफ द्या.

भरण्याच्या रकान्यात आणखी एक गडबड होते, ती खास मराठीतली. एकानं ‘यूपीआय’ लिहिलं, दुसऱ्यानं ऱ्हस्व ‘युपीआय’, की पिव्हटमध्ये दोन खाती तयार. ‘उधार’ आणि ‘उधारी’ दोन. शब्दामागे एक मोकळी जागा पडली असेल तर एकसारखी दिसणारी दोन खाती, आणि कारण डोळ्यांना दिसतच नाही. शुद्धलेखनावर भरवसा ठेवण्यापेक्षा `Data` मधलं `Data Validation` वापरा, `List` निवडा आणि रोख, यूपीआय, उधार हे तीनच पर्याय द्या. मग टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं.

हा तक्ता वाचतानाही मर्यादा ध्यानात असू द्या. ३६८०० ही उधारीवर झालेली विक्री आहे, आज येणं असलेली रक्कम नव्हे. मार्चच्या उधारीतले काही पैसे मेमध्ये आले असतील, तर ते वसुलीच्या नोंदीत सापडतील, या यादीत ते नाहीत.

नफ्याचे टक्के कुठे चुकतात

नफ्याचे टक्के काढायला बहुतेक जण मूळ यादीत एक रकाना वाढवतात, प्रत्येक ओळीचे टक्के काढतात आणि पिव्हटमध्ये त्यांची सरासरी घेतात. ते चूक आहे. पंख्यांच्या सहा ओळी पाहा. किरकोळच्या चार ओळींवर १६.६७ टक्के सुटले आणि वायरमनच्या दोन ओळींवर ११.७६. सरासरी १५.०३ येते. पण पंख्यांची एकूण विक्री ३१४००, खरेदी २७०००, म्हणजे नफा ४४००, आणि टक्के १४.०१. सरासरीत एका पंख्याच्या बिलाला आणि सहा पंख्यांच्या बिलाला सारखंच वजन मिळालं, म्हणून आकडा फुगला.

बरोबर रीत अशी. `Rows` मध्ये वर्ग ठेवून पिव्हटवर क्लिक करा. वर `PivotTable Analyze` मध्ये `Fields, Items, & Sets` आहे, त्यात `Calculated Field`. नाव ‘नफाटक्के’ द्या आणि सूत्र हे:

```
=(विक्री-खरेदी)/विक्री
```

रकान्यांची नावं टाइप करण्याऐवजी खालच्या यादीतून निवडून `Insert Field` दाबलं तर चुकत नाहीत. मग आकड्यांना टक्क्यांचा फॉरमॅट द्या. दिवे २४.५३, पंखे १४.०१, वायर १०.४०, आणि एकूण १३.७७ टक्के. एकूणचा आकडा वरच्या तिघांची सरासरी नाही. ती १६.३१ आली असती.

`Calculated Field` आधी बेरजा करतं आणि मग सूत्र लावतं. भागाकारासाठी नेमकं हेच हवं असतं. पण गुणाकाराला हेच घातक ठरतं. तुमच्या यादीत विक्रीऐवजी नग आणि दर असे दोन रकाने असतील आणि तुम्ही इथे ‘नग गुणिले दर’ लिहिलंत, तर एक्सेल सगळ्या नगांच्या बेरजेला सगळ्या दरांच्या बेरजेनं गुणेल आणि विक्री काहीच्या काही मोठी दिसेल. म्हणून रक्कम ओळीओळीला मूळ यादीत काढायची, टक्के पिव्हटमध्ये.

आता `Rows` मध्ये वर्गाऐवजी गिऱ्हाईक टाका. किरकोळवर १७.९९ टक्के, वायरमनवर १२.०० टक्के. मागच्या तक्त्याशेजारी हे ठेवून पाहा. विक्रीतले सत्तर टक्के वायरमनचे, पण नफ्यातले एकसष्टच. तीन महिन्यांचा सगळा नफा ८३२०, आणि उधारीवर गेलेल्या मालाची नुसती खरेदीच ३२६००. हा शेवटचा आकडा काढायचा असेल तर `Rows` मध्ये भरणा आणि `Values` मध्ये खरेदी टाका. वायरमनला द्यायचा भाव आणि उधारीची मुदत ठरवताना मालकांसमोर हे चार आकडे असावेत. उन्हाळ्यात पंखे खूप गेले हे तर त्यांना गल्ल्यावर बसूनही माहीत असतं.

बिलं किती?

हे थोडक्यात. ‘बिल’ `Values` मध्ये टाकलंत तर आधी बिल नंबरांचीच बेरीज होईल. ती `Count` केली तर १६ येईल, पण आपली बिलं तेरा आहेत. पिव्हटनं ओळी मोजल्या. वेगवेगळी बिलं मोजायची तर नवं पिव्हट बनवतानाच `Add this data to the Data Model` वर खूण करा, म्हणजे मोजणीच्या पर्यायांत `Distinct Count` मिळतं आणि उत्तर १३ येतं. सरासरी बिल मग ४६४६ रुपयांचं ठरतं. सोळानं भागलं असतं तर ३७७५ आलं असतं. या पद्धतीच्या पिव्हटमध्ये `Calculated Field` चालत नाही, म्हणून नफ्याचं पिव्हट आणि बिलांचं पिव्हट वेगळं ठेवा. गूगल शीट्समध्ये यासाठी `COUNTUNIQUE` आहे आणि तिथे `Refresh` ची कटकटही नाही.

जीएसटीआर-१ भरणाऱ्यांनी यादीत एचएसएन कोडचा आणि गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबराचा रकाना जरूर वाढवावा. त्या विवरणपत्रातला एचएसएनवार गोषवारा काढायला `Rows` मध्ये एचएसएन आणि `Values` मध्ये नग, रक्कम व कर, असं पिव्हट कामी येतं.

शेवटचा सराव माल परत येण्याचा. बिल ११० वरचा एक पंखा वायरमननं २ जूनला परत केला. जुनी ओळ बदलू नका. खाली नवी ओळ घाला: तारीख 2025-06-02, वर्ग पंखे, नग -1, विक्री -1700, खरेदी -1500, भरणा उधार, आणि बिलाच्या रकान्यात क्रेडिट नोटचा नंबर. `Data` मधून `Refresh All` द्या. एकूण विक्री ५८७००, पंखे २९७००, उधार ३५१०० आणि पंख्यांवरचा नफा १४.१४ टक्के आला पाहिजे. एकूण अजूनही ६०४०० च दिसत असेल, तर `Ctrl+T` ची पायरी राहिली आहे.